कंपनीचा रिव्ह्यू टाकण्याआधी तुमच्या एकेका वाक्याला विचारा, 'पुरावा आहे का?'

नोकरी सोडली की पहिला राग ग्लासडोर किंवा अ‍ॅम्बिशनबॉक्सवर निघतो. निघू द्या, हरकत नाही. माझं मत सरळ आहे: वाईट अनुभव आला असेल तर लिहिलाच पाहिजे, कारण पुढच्या वर्षी तिथेच इंटरव्ह्यू देणाऱ्या पोराला तेवढाच आधार असतो. पण हल्ली ओळखीतली बरीच मुलं 'दादा, जरा बघ ना, हे टाकू का' म्हणून मसुदे पाठवतात आणि दहातले आठ मी परत पाठवतो. ते खोटे असतात म्हणून नव्हे. खरं असूनही अशा पद्धतीने लिहिलेले असतात की वाचणाऱ्याला उपयोग शून्य आणि लिहिणाऱ्याच्या गळ्याशी फास.

मी पेरोल-एचआरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने हे रिव्ह्यू वाचलेत. वकील नाही. पण खालचं सगळं समजायला वकील लागत नाही.

परवा खराडीतल्या एका मध्यम आयटी कंपनीतून बाहेर पडलेल्या मुलीने पाठवलेला मसुदा घ्या. कंपनीचं नाव इथे येणार नाही, आणि तिचंही. मसुदा असा होता: "थर्ड क्लास कंपनी. आमचा मॅनेजर (पुढे पूर्ण नाव) सायको आहे. पीएफ खाल्ला. जर्मन क्लायंटच्या प्रोजेक्टवर चार जणांकडून काम करून घेतलं आणि सहा जणांचं बिल लावलं. चुकूनही जाऊ नका."

पाच वाक्यं, पाच वेगवेगळी प्रकरणं.

'थर्ड क्लास कंपनी' हे मत आहे. मत मांडल्याबद्दल सहसा कुणी कोर्टात खेचत नाही, पण त्यातून वाचणाऱ्याला काही कळतही नाही. ठेवा नाहीतर काढा, फरक पडत नाही. 'सायको' हे मात्र नाव लिहिलेल्या एका माणसाबद्दल आहे. बदनामीचा दावा कंपनीही करू शकते आणि तो माणूस स्वतंत्रपणेही करू शकतो, म्हणजे एका शब्दाने तुम्ही दोन फिर्यादी तयार केलेत. या साइट्सवर साध्या मॅनेजरचं नाव आलं की रिव्ह्यू उडवतात, हे वेगळंच. त्या माणसाने नेमकं काय केलं ते लिहा. 'रजा मंजूर झाल्यावर आदल्या रात्री रद्द केली, असं माझ्याबाबतीत दोनदा झालं' या वाक्यात नाव नाही, शिवी नाही, आणि वाचणाऱ्याला मॅनेजर कसा आहे ते बरोबर कळतं.

आता 'पीएफ खाल्ला'. इथे मी तिला पासबुक उघडायला लावलं. नियम असा की पगारातून कापलेला पीएफ मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ईपीएफओच्या पासबुकात कुठल्या महिन्याच्या पगाराचा पीएफ कुठल्या तारखेला जमा झाला ते दिसतं. (पासबुक अपडेट व्हायला कधी कधी वेळ लागतो, त्यामुळे आज दिसत नाही म्हणजे भरलाच नाही असं धरू नका.) तिच्या पासबुकात जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची रक्कम जूनमध्ये एकदम जमा झालेली निघाली. म्हणजे पीएफ खाल्लेला नव्हता, उशिरा भरला होता. हा फरक शब्दांचा खेळ नाही. कापलेला पीएफ मालकाने न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो, म्हणजे 'खाल्ला' म्हणताना ती कंपनीवर फौजदारी गुन्ह्याचा आरोप करत होती आणि तो आरोप तिच्याच पासबुकाने खोटा पडला असता. 'माझा तीन महिन्यांचा पीएफ उशिरा, जूनमध्ये जमा झाला' हे मात्र कुठल्याही कोर्टात उभं राहील, कारण सॅलरी स्लिप आणि पासबुक दोन्ही तिचीच आहेत. आणि खरोखरच भरला नसेल तर रिव्ह्यूने तो येत नाही, त्यासाठी ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर जायचं.

चौथं वाक्य सगळ्यात घातक. सहा जणांचं बिल लावलं, म्हणजे कंपनीने क्लायंटला फसवलं असा आरोप. तिच्याकडे याचा कागद नाही, जेवणाच्या टेबलावर ऐकलेली गोष्ट. समजा कागद असता, तरी बिलिंग, क्लायंट, टीमची संख्या ही कंपनीची व्यावसायिक माहिती आहे आणि ऑफर लेटरसोबत सही केलेल्या गोपनीयतेच्या करारात ती नक्की येते. आणि इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. 'खरं आहे ना, मग काय करतील?' असं म्हणतात. खरेपणा हा बदनामीच्या दाव्यावरचा बचाव आहे, करारभंगाच्या दाव्यावरचा नाही. गुपित खरं असतं म्हणूनच ते गुपित असतं. तेव्हा क्लायंटचं नाव, देश, प्रोजेक्ट, टूल, दर, यातलं काही नको. असा घोटाळा खरोखर दिसला असेल तर त्याची जागा कंपनीची एथिक्स हेल्पलाइन किंवा संबंधित यंत्रणा, रेटिंगची साइट नव्हे.

पण याचा अर्थ 'सगळंच गोपनीय' असा नाही, जे एचआरवाले निघताना डोळे मोठे करून सांगतात. तुम्ही रात्री किती वाजेपर्यंत बसलात, कॉम्प-ऑफ मिळाली का, नोटीस पिरियडमध्ये कसं वागवलं, एफ अँड एफला किती दिवस लागले, हा तुमचा स्वतःचा अनुभव आहे. तो कुठल्याही कंपनीचं ट्रेड सीक्रेट नाही. अपवाद दोन. निघताना पैसे घेऊन जो सेटलमेंटचा कागद सही केला असेल त्यात 'कंपनीबद्दल प्रतिकूल काही बोलणार नाही' असं कलम आहे का ते पाहा. असेल तर सौम्य रिव्ह्यूही करारभंग ठरवू शकतात. (अशा कलमाने पीएफ कार्यालयात तक्रार करण्याचा हक्क मात्र जात नाही.) दुसरा अपवाद लैंगिक छळाच्या तक्रारीचा. पॉश कायद्याचं कलम १६ तक्रारीतला मजकूर, दोन्ही बाजूंची आणि साक्षीदारांची ओळख, चौकशीतलं कामकाज, हे सगळं जाहीर करायला मनाई करतं. तक्रार तुमचीच असली तरी. तिथे फार जपून.

बदनामीचं गणित थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. पोलीस थेट उचलून नेत नाहीत, कंपनीला मॅजिस्ट्रेटकडे खासगी तक्रार करावी लागते. बचावासाठी नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेलं असावं लागतं. आणि सद्भावनेने दुसऱ्याला सावध करणं यालाही अपवाद दिलेला आहे. नोकरी शोधणाऱ्याला माहिती देणारा मोजका, मुद्देसूद रिव्ह्यू या चौकटीत बसतो. शिव्यांनी भरलेला बसत नाही, कारण शिवीत सद्भावना दाखवणं अवघड. दिवाणी दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते. खरं सांगायचं तर बहुतेक कंपन्या कोर्टापर्यंत जात नाहीत, वकिलाची नोटीस पाठवतात आणि माणूस घाबरून रिव्ह्यू काढतो. ज्याच्या प्रत्येक वाक्यामागे स्वतःचा कागद आहे त्याला घाबरायचं कारण कमी असतं.

शेवटी तिचा रिव्ह्यू असा झाला: "टेस्टिंग टीममध्ये साधारण दोन वर्षं होते. शिकायला भरपूर मिळतं, सहकारी मदत करतात. रिलीजच्या आठवड्यांत रात्री दहानंतर थांबणं नेहमीचं. त्याची कॉम्प-ऑफ मला मिळाली नाही. मंजूर रजा दोनदा आदल्या रात्री रद्द झाली. तीन महिन्यांचा पीएफ उशिरा जमा झाला आणि विचारल्यावर लेखी उत्तर आलं नाही. जॉइन करण्याआधी कॉम्प-ऑफचा नियम मेलवर मागून घ्या." पहिल्यापेक्षा जास्त बोचतो, बघा. चांगलं ते आधी सांगितल्याने बाकीच्यावर विश्वासही बसतो.

आता 'अ‍ॅनॉनिमस' बटणाबद्दल. साइट नाव दाखवत नाही इतकाच त्याचा अर्थ. २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या झुरू या खेळण्यांच्या कंपनीने रिव्ह्यूंवरून अमेरिकेतल्या कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने ग्लासडोरला लिहिणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. पण आपल्याकडे कोर्टाची गरजच पडत नाही, एचआर दोन मिनिटांत ओळखतं. पाच जणांची टीम, त्यातली एक गेल्या शुक्रवारी गेली, रविवारी रिव्ह्यू. त्यात नेमका हुद्दा आणि रुजू झाल्याचा महिना. झालं. म्हणून हुद्दा ढोबळ लिहा, कालावधी ढोबळ लिहा. आणि एफ अँड एफ खात्यात जमा झाल्यावर, रिलिव्हिंग लेटर हातात आल्यावर, दोन-तीन महिन्यांनी टाका. पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनही तोवर उरकलेलं असतं.

ऑफिसच्या लॅपटॉपवरून किंवा ऑफिसच्या मेल आयडीने लॉगिन करू नका. आणि पुरावा हवा म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलला फॉरवर्ड करू नका. हे फार जण करतात. रिव्ह्यूपेक्षा त्या फॉरवर्डवर कारवाई करणं कंपनीला कितीतरी सोपं जातं, कारण ते लॉगमध्ये तारीखवार दिसतं. तुमचा पुरावा म्हणजे ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, पासबुक, बँक स्टेटमेंट, आणि घरच्या वहीत तारखा टाकून लिहिलेल्या नोंदी.

नोटीस आलीच तर कंपनीच्या एचआरला फोन करून वाद घालू नका. रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, नोटिशीत नेमक्या कुठल्या वाक्यावर आक्षेप आहे ते वाचा आणि वकिलाला दाखवा. बऱ्याचदा आक्षेप एकाच वाक्यावर असतो. ते सिद्ध करता येत नसेल तर तेवढं काढून बाकीचा रिव्ह्यू ठेवता येतो का, हे त्याला विचारा.

कुणाला मसुदा दाखवायचा असेल तर कमेंटमध्ये टाकू नका, मेसेज करा. कंपनीचं नाव खोडून.