दहावीत ८५ टक्के, मग सायन्सच? आधी गणिताची गुणपत्रिका नीट वाचा!

दहावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘टक्के किती?’ आणि टक्के ८० च्या पुढे असले की दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. सायन्स ठरलेलंच असतं! पण राज्य मंडळाची टक्केवारी हा निर्णय घ्यायला पुरेशी नाही.

समजा, एका मुलीला मराठीत ९१, हिंदीत ८८, इंग्रजीत ८४, सामाजिक शास्त्रात ८९, विज्ञानात ७३ आणि गणितात ६२ गुण मिळाले. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये सहापैकी सर्वात कमी गुणांचा विषय वगळला जातो. उरलेल्या पाच विषयांची बेरीज ४२५, म्हणजे बरोबर ८५ टक्के. पेढे वाटले जातात. मात्र या टक्केवारीत गणित कुठेच नाही.

आता ते ६२ गुण उघडून पाहू. गणितात २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि बहुतेक शाळा त्यात हात आखडता घेत नाहीत. ते पूर्ण २० धरले, तर बीजगणित आणि भूमितीच्या लेखी परीक्षेत ८० पैकी ४२ च उरतात. अकरावी सायन्सचं गणित आणि भौतिकशास्त्र उभं राहतं ते याच ४२ वर.

हे गुण कुठे गेले, हे त्याहून महत्त्वाचं. अर्थनियोजन किंवा सांख्यिकीत आकडेमोड चुकली असेल, तर फार काळजी नको. वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमिती सुटत नसेल, तर अकरावीत पहिल्या महिन्यापासून अडचण येते. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पण तोवर प्रवेशफेरी पुढे सरकलेली असू शकते. त्यापेक्षा एखादी जुनी ४० गुणांची बीजगणिताची आणि एक भूमितीची प्रश्नपत्रिका प्रत्येकी दोन तास लावून घरीच सोडवायला द्यावी. रागावायचं नाही, फक्त कोणती गणितं कोरी राहिली ते पाहायचं.

‘सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात,’ हे पालकांचं आवडतं वाक्य. बारावी सायन्सनंतर बीकॉम, बीए, कायदा करता येतो, हे खरंच. पण त्यासाठी दोन वर्षं क्लासची फी भरून, नावडत्या विषयांशी झगडून बारावीत पडलेले गुणही सोबत येतात. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

मग डिप्लोमा? तीन वर्षांच्या पॉलिटेक्निकनंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागत नाही. प्रत्यक्ष यंत्रांत रमणाऱ्या मुलांसाठी हा मार्ग उत्तम. गणितापासून पळवाट म्हणून मात्र तो निवडू नये, कारण डिप्लोमाच्या पहिल्या सत्रातच गणित समोर येतं.

वर्गसमीकरणं कोरी आणि सामाजिक शास्त्रात ८९ अशा मुलीसाठी कला शाखेचा अर्ज ही माघार नाही. शेजारचे काय म्हणतील, याची चिंता घरच्यांनी करावी. अकरावीच्या वर्गात बसायचंय तिला.