हॉथॉर्नचा अर्धाच वाचलेला धडा

व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हॉथॉर्नचे नाव येतेच. कामगारांकडे आपुलकीने लक्ष द्या, त्यांची विचारपूस करा, मग पगाराला हात न लावताही उत्पादन वाढते, असा त्या प्रयोगांचा सारांश तेथे सांगितला जातो. पुढे हेच विद्यार्थी अधिकारी होऊन कारखान्यात येतात आणि वेतनकराराच्या टेबलावर हा सारांश वेगवेगळ्या शब्दांत आमच्यापुढे ठेवतात. म्हणून त्या कारखान्यात प्रत्यक्ष काय घडले, हे कामगार कार्यकर्त्यांनीही नीट समजून घेतले पाहिजे असे आम्हाला वाटते.

हॉथॉर्न हा अमेरिकेत शिकागोजवळ असलेला वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोन साहित्याचा अवाढव्य कारखाना. १९२४ साली तेथे उजेडाचे प्रयोग सुरू झाले. उजेड वाढविला की उत्पादन किती वाढते एवढेच पाहायचे होते. उजेड वाढविला तेव्हा उत्पादन वाढले. पण ज्या तुकडीचा उजेड बदललाच नव्हता, तिचेही वाढले. एका चाचणीत दोन कामगार स्त्रियांच्या खोलीतला उजेड जवळजवळ चांदण्याइतका कमी केला, तरी त्यांचे काम घटले नाही. तेव्हा उजेडाखेरीज दुसरेच काहीतरी उत्पादन हलवीत आहे, हे अभियंत्यांच्या लक्षात आले. ते शोधण्यासाठी १९२७ मध्ये रिले जोडणीची खोली उभी राहिली.

रिले हा टेलिफोन यंत्रणेतला लहानसा विद्युत भाग. सुमारे पस्तीस सुटे भाग जोडून तो तयार होई आणि सराव असलेल्या कामगाराला एका रिलेला जेमतेम मिनिट लागे. जोडणी करणाऱ्या पाच स्त्रिया आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी एक, अशा सहा जणींना मोठ्या खात्यातून उचलून वेगळ्या खोलीत बसविले. तयार झालेला रिले घसरणीवर टाकला की त्याची नोंद आपोआप कागदाच्या पट्टीवर होई. मग एकेक बदल सुरू झाला. प्रथम पाच मिनिटांच्या दोन विश्रांती, नंतर दहा मिनिटांच्या दोन, मग पाच मिनिटांच्या सहा. पुढे सकाळच्या विश्रांतीत खाणे, संध्याकाळी अर्धा तास लवकर सुट्टी, आठवड्याला पाच दिवस काम. १९२८ च्या शरद ऋतूत या साऱ्या सवलती बारा आठवडे काढून घेतल्या, तरी आठवड्याचे एकूण उत्पादन वरच राहिले. सुमारे दोन वर्षांत एकंदर वाढ ३० टक्क्यांच्या आसपास गेली. बदल कोणताही करा, उत्पादन वाढतेच, तेव्हा कारण आहे ते दिलेले लक्ष, असा निष्कर्ष पुढे जगभर फिरला.

आता याच नोंदी आपण कामगाराच्या नजरेने वाचू. त्या बारा आठवड्यांत सुट्टीचे तास गेल्यामुळे कामाचे तास वाढले होते. आठवड्याचे उत्पादन वर राहण्याचे एक कारण हेच होते. ताशी उत्पादन मात्र थोडे खाली आले होते, आणि विश्रांती परत मिळताच उत्पादन पुन्हा चढले. म्हणजे विश्रांतीचा परिणाम होत नव्हता असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट मजुरीची. मूळ खात्यात शंभरेक कामगारांची एकत्रित उक्ती मजुरी ठरे आणि ती सर्वांत वाटली जाई. खोलीत आल्यावर हिशेबाचा गट त्या सहा जणींपुरताच झाला. हा फरक कागदावर मांडून पाहा. शंभरांच्या गटात एकीने आपले काम दहा टक्क्यांनी वाढविले, तर तिच्या कमाईत पडणारी भर टक्क्याच्या दहाव्या भागाएवढी. ती पाकिटात दिसतही नाही. पाच जणींच्या हिशेबात तीच भर दोन टक्क्यांची होते, आणि पाचही जणींनी मिळून काम वाढविले तर पुरे दहा टक्के हाती येतात. घाम कोणी गाळला आणि पैसा कोणाकडे गेला हे शेजारी शेजारी बसलेल्यांना दिसू लागते. संशोधकांनी स्वतःच याची वेगळी चाचणी घेतली. दुसऱ्या पाच जणींना खात्यातच ठेवून केवळ त्यांचा मजुरीचा गट लहान केला, तर उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी वाढले. पण खात्यातल्या इतरांत कुरबुर सुरू झाली आणि नऊ आठवड्यांत ही चाचणी गुंडाळावी लागली. उलट, अभ्रकाचे पापुद्रे काढणाऱ्या तुकडीत मजुरीची पद्धत न बदलता वेगळी खोली आणि विश्रांती दिली, तेथे वाढ सुमारे १५ टक्के झाली. म्हणजे मजुरीही महत्त्वाची आणि वागणूकही महत्त्वाची. एक दिली म्हणून दुसरी वाचविता येते, असे या आकड्यांतून निघत नाही.

तिसरी गोष्ट आपुलकीची. खोलीत मुकादमाचा धाक नव्हता, बोलायला मोकळीक होती, बदल करण्यापूर्वी त्या स्त्रियांना बोलावून विचारले जाई. हे खरे आणि चांगलेच. पण जानेवारी १९२८ मध्ये दोघी जणी फार बोलतात, सहकार्य करीत नाहीत, म्हणून त्यांना खोलीतून काढले आणि त्यांच्या जागी अधिक वेगवान दोघी आणल्या. त्यानंतर उत्पादनाने चांगलीच उचल खाल्ली. अ‍ॅलेक्स कॅरी या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९६७ मध्ये नेमके यावर बोट ठेवले: सौम्य देखरेखीचा म्हणून जो प्रयोग गाजला, त्यात कडक शिस्तीचाही वाटा होता. पाच-सहा जणींच्या एका खोलीत, तीही मधेच माणसे बदललेली, यावरून साऱ्या जगाच्या कामगारांविषयी नियम काढणे धाडसाचेच.

आमच्या मते हॉथॉर्नमधली सर्वांत मोलाची खोली निराळी आहे आणि तिच्याकडे अधिकारी वर्ग फारसा वळत नाही. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात टेलिफोन एक्स्चेंजच्या जोडपट्ट्यांना तारा जोडणाऱ्या चौदा पुरुष कामगारांचे निरीक्षण केले गेले. नऊ तारा जोडणारे, तिघे डाक लावणारे, दोघे तपासनीस. या वेळी काहीही बदलायचे नाही, नुसते पाहायचे, असे ठरले होते. कंपनीने ठरविलेला आदर्श नॉर्म दिवसाला ७,३१२ जोडण्यांचा होता. कामगारांचा आपला नॉर्म मात्र वेगळा होता. दिवसाला दोन संच, म्हणजे संचाच्या प्रकाराप्रमाणे ६,००० किंवा ६,६०० जोडण्या, एवढे झाले की दिवस भरला. कोणी पुढे पळू लागला की त्याची टिंगल होई, त्याच्या दंडावर जोराचा गुद्दा बसे. कोणी फार मागे राहिला तर फुकटखाऊ म्हणून तोही बोलणी खाई. साथीदाराविरुद्ध वर चुगली करणारा तर सर्वांच्या मनातून उतरे. जास्त झालेले काम नोंदीत न दाखविता दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवीत. त्यामुळे कागदावर प्रत्येकाचे उत्पादन आठवड्यामागून आठवडे एकाच सरळ रेषेत दिसे. मुकादमाला हे सारे ठाऊक होते आणि तो कानाडोळा करी.

हा आळस म्हणावा, तर संशोधकांच्याच चाचण्यांनी तो समज खोटा पाडला. सर्वांत कमी काम करणारा कामगार बुद्धिमत्तेच्या चाचणीत पहिला आणि हातांच्या चपळाईत तिसरा आला होता. म्हणजे कमी कामाचे कारण अंगात कुवत नसणे हे नव्हते. कामगारांना विचारले तर ते सांगत, जास्त काम दाखविले तर दर कापतील, नॉर्म वाढवतील, किंवा आपल्यातलेच कोणी घरी जातील. रॉथलिसबर्गर आणि डिक्सन या अहवालकर्त्यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात ही भीती प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली नाही, ती भावनेची गोष्ट आहे, असे मत दिले. आम्हाला हे मत पटत नाही. मंदी ऐन भरात होती, कारखान्यातून हजारो कामगार कमी होत होते, आणि खुद्द ही निरीक्षणाची खोलीदेखील काम नाही म्हणून बंद पडली. अशा वेळी असलेले काम पुरवून वापरणे हा शहाणपणाचाच व्यवहार होता. त्या वेळी तेथे स्वतंत्र कामगार संघटना नव्हती. दर आणि नॉर्म यांवर बोलणी करायला टेबलच नव्हते, तेव्हा ती बोलणी गुद्द्यांच्या आणि टिंगलीच्या भाषेत बाकाशेजारीच होत होती.

यातून आजच्या व्यवस्थापकाने काय घ्यावे? पहिले, रोग ओळखायला शिकावे. खात्यातल्या कामगारांची कुवत आणि अनुभव वेगवेगळा असूनही सर्वांचे आकडे महिनोन्‌महिने एकाच पातळीवर सपाट असतील, दुपारनंतर काम मंदावूनही दिवसअखेर आकडा चुकत नसेल, तर तेथे गटाचा नॉर्म चालू आहे असे समजावे. अशा खात्याला मेमो देऊन किंवा तुकडी फोडून काही साधत नाही. आकडे लपविण्याची रीत तेवढी बदलते. हातातल्या यंत्रावर मिनिटामिनिटाची नोंद घेणाऱ्या गोदामातही कामगार एकमेकांना वेग सांभाळायला सांगतात. त्याने आधी जुन्या फायली काढून पाहावे. मागच्या वेळी या खात्याने नॉर्म ओलांडला, तेव्हा पुढच्या टाइम स्टडीत काय झाले? रिकाम्या झालेल्या जागा भरल्या का? उत्तर बहुधा तेथेच सापडेल.

दुसरे, भीतीचे कारण लेखी काढून टाकावे. यंत्र, माल किंवा कामाची पद्धत बदलल्याशिवाय दराला आणि नॉर्मला हात लावणार नाही. बदल झालाच तर फेरमोजणी संघटनेच्या प्रतिनिधीसमोर होईल. आणि वाढलेल्या उत्पादनामुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, ही तीन कलमे करारात असली पाहिजेत. इन्सेन्टिव्हचा गट इतका लहान असावा की कामगाराला आपला हिशेब स्वतः करता यावा, पण एका खात्यात एकालाच वेगळी पंगत वाढू नये. नऊ आठवड्यांत गुंडाळलेली ती चाचणी याचाच इशारा देते.

तिसरे, प्रयोग करायचा तर प्रामाणिकपणे करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल न केलेली दुसरी तुकडी तुलनेसाठी ठेवावी, आणि मधेच न आवडणारी माणसे काढून यशाचा आकडा दाखवू नये. विचारपूस, चहापान, वाढदिवसाचे कार्ड यांना आमचा विरोध नाही. माणसासारखी वागणूक मिळाली तर काम चांगले होते, हे कामगार नाकारीत नाही. पण ज्या रिले खोलीचा दाखला आम्हाला दिला जातो, तेथे विचारपुशीबरोबर विश्रांती, कमी तास आणि मजुरीचा स्वच्छ हिशेबही होता. पुढच्या बोलण्यांत अधिकाऱ्यांनी हॉथॉर्नचे नाव काढले, तर आपल्या प्रतिनिधींनी या तिन्ही गोष्टी मागाव्यात आणि ७,३१२ व ६,६०० हे दोन आकडे टेबलावर ठेवावेत. त्यांच्यातले ते सातशे बारा कामगाराने का राखून ठेवले, यावर चर्चा होऊ द्यावी.