विडी, तंबाखू आणि वयाचा हिशेब

वाटूरहून जालन्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलांना संख्याशास्त्राच्या असाइनमेंटला सध्या धूम्रपानाची आकडेवारी आली आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील धूम्रपान करणारे देशात १०.७ टक्के, महाराष्ट्रात ३.८ टक्के. दोन स्तंभ काढले की महाराष्ट्र निर्व्यसनी दिसतो. पण वाटूर फाट्यावर घटकाभर थांबा. विडी ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू मळणारे हातच जास्त दिसतील. त्याच सर्वेक्षणात राज्यात धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आहेत, देशात २१.४. नुसत्या धूम्रपानावरून राज्याला शाबासकी देणारी तुलना म्हणूनच फसवी.

इथे बरेच जण वर्तुळालेख काढतात. तो चुकतो, कारण ३.८ आणि २४.४ मिळून २८.२ होतात, आणि कोणताही तंबाखू घेणारे आहेत २६.६ टक्के. उरलेले १.६ टक्के दोन्ही करतात आणि दोनदा मोजले जातात. वर्तुळाचे तुकडे एकमेकांवर चढू शकत नाहीत. आडवे स्तंभ घ्यावेत, आणि अक्ष शून्यापासूनच. २००९-१०मध्ये राज्यात धूम्रपान ६.६ टक्के होते. अक्ष ३ पासून सुरू केला, तर जुना स्तंभ नव्याच्या साडेचारपट उंच दिसतो. खरा फरक पावणेदोनपटीच्या आतच आहे.

आता वय. आकडे समजण्यापुरते कल्पित घेऊ. तरुण पोरं पुण्याला गेलेल्या गावात हजार प्रौढांपैकी ४०० जण चाळिशीच्या आतले, त्यांच्यात ३ टक्के धूम्रपान. ६०० जण चाळिशीपुढचे, त्यांच्यात ८ टक्के. एकूण १२ आणि ४८, म्हणजे ६ टक्के. शहरात तरुण ७००, ४ टक्के. चाळिशीपुढचे ३००, ९ टक्के. एकूण ५५, म्हणजे ५.५ टक्के. गाव जास्त ओढतं असं वाटतं. पण दोन्ही वयोगटांत शहरच पुढे आहे! गावाचा आकडा वाढवला तो गावात उरलेल्या वयस्करांच्या संख्येने.

उपाय असा: दोन्हीकडे एकच वयरचना धरायची, समजा ६० टक्के तरुण आणि ४० टक्के चाळिशीपुढचे. मग गावाचा दर १.८ अधिक ३.२, म्हणजे ५, शहराचा २.४ अधिक ३.६, म्हणजे ६. क्रम उलटला. कोणती वयरचना धरली ते तक्त्याखाली लिहिलंच पाहिजे, कारण ती बदलली की दरही बदलतो. वयोगटांचे मूळ दरही शेजारी द्यावेत.

हा समायोजित दर फक्त तुलनेसाठी असतो. गावात समुपदेशन किती जणांना लागेल हे ठरवताना मूळ ६ टक्केच धरायचे, कारण माणसं साठच आहेत. आणि सर्वेक्षणातला ३.८ हा राज्याचा अंदाज आहे. तो वाटूरच्या लोकसंख्येला गुणून 'आमच्या गावातले धूम्रपान करणारे' म्हणून मांडू नये. गावाचा आकडा हवा असेल, तर वही घेऊन घरोघरी, वय विचारत फिरावं लागेल.