विश्लेषण : ३१ डिसेंबरच्या आधीच संगणक पुढच्या वर्षात का जातो?

29 डिसेंबर 2014 च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार साडेपाचच्या सुमारास, अँड्रॉइड फोनवरील असंख्य ट्विटर वापरकर्ते आपोआप लॉग-आउट झाले आणि पुन्हा लॉग-इन करणेही त्यांना जमेना. ट्वीटडेक वापरणाऱ्यांना काही सेकंदांपूर्वीचे ट्वीट वर्षभर जुने दिसू लागले. हल्ला झाला नव्हता, सर्व्हर बंद पडले नव्हते. ट्विटरच्या सर्व्हरच्या लेखी 2015 सालचा डिसेंबर सुरू होता. अशा गोंधळामागे बहुतेक वेळा तारीख छापण्याच्या सूचनेतील चार अक्षरे असतात.

नेमके काय घडले होते?

सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत स्वतःच्या घड्याळातील तारीख पाठवतो. त्या दिवशी ट्विटरच्या उत्तरांत ती `Mon, 29 Dec 2015` अशी येत होती. ही ओळच आपली चूक उघड करते, कारण 29 डिसेंबर 2015 रोजी मंगळवार होता. सोमवार होता तो 2014 मध्ये. म्हणजे वार, दिवस, महिना बरोबर आणि फक्त वर्ष एकाने पुढे. घड्याळ बिघडले असते तर वारही बदलला असता. इथे घड्याळ ठीक होते, तारीख अक्षरांत मांडताना चूक होत होती. लॉग-इनची वैधता वेळेवर अवलंबून असल्याने, दोन बाजूंच्या वेळांत वर्षाचा फरक पडताच सारे फसले.

गडबड सुरू झाली तो क्षणही बोलका आहे. ग्रीनिच वेळेनुसार सोमवारची मध्यरात्र. आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 2015 च्या पहिल्या आठवड्याची सुरुवात नेमकी त्याच क्षणी होते.

आठवड्यांचे वर्ष म्हणजे काय?

आपल्याला एकाच वेळी दोन वर्षे वापरण्याची सवय आहे. फेब्रुवारी 2025 मधले बिल 2024-25 या आर्थिक वर्षात लिहिले जाते, त्यात कोणाला वावगे वाटत नाही. संगणकाकडेही असेच एक दुसरे वर्ष असते, ते आठवड्यांचे. पगार, उत्पादन किंवा विक्रीचा हिशेब आठवड्यागणिक ठेवणाऱ्यांना एक आठवडा दोन वर्षांत तुटलेला चालत नाही. म्हणून तो आठवडा सगळाच्या सगळा कोणत्या तरी एका वर्षाच्या पदरात टाकला जातो.

आयएसओचा नियम असा : आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडतो, त्या वर्षाचा तो आठवडा. गुरुवार हा मधला दिवस, त्यामुळे जिकडे चार किंवा अधिक दिवस तिकडे आठवडा. 1 जानेवारी 2026 गुरुवारी आहे. म्हणून सोमवार 29 डिसेंबर 2025 पासूनचा आठवडा 2026 चा पहिला ठरतो आणि डिसेंबरचे शेवटचे तीन दिवस 2026 मध्ये जमा होतात.

मग चूक कोठे होते?

जावा आणि त्याच धर्तीच्या भाषांत तारीख कशी दिसावी हे अक्षरांच्या साच्याने सांगतात. त्यात लहान `yyyy` म्हणजे नेहमीचे वर्ष आणि मोठे `YYYY` म्हणजे आठवड्यांचे वर्ष.

```java
LocalDate d = LocalDate.of(2025, 12, 30);
d.format(DateTimeFormatter.ofPattern("dd-MM-yyyy")); // 30-12-2025
d.format(DateTimeFormatter.ofPattern("dd-MM-YYYY")); // 30-12-2026
```

दुसऱ्या ओळीत दिवस आणि महिना नेहमीच्या दिनदर्शिकेतून आले, वर्ष मात्र आठवड्यांच्या वर्षातून. अशी मिश्र तारीख कोणत्याच दिनदर्शिकेत नसते. तरी संगणक तक्रार करत नाही, कारण सांगितले तेच त्याने केले.

प्रोग्रामर मोठे अक्षर लिहितात याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये `YYYY` म्हणजे नेहमीचेच वर्ष, आठवड्यांच्या वर्षासाठी तिथे `IYYY` आहे. जावास्क्रिप्टच्या मोमेंट या ग्रंथालयातही `YYYY` बरोबर. जावाच्याच जोडा-टाइम या जुन्या लोकप्रिय ग्रंथालयात `YYYY` लिहिले तर काही बिघडत नसे. तेथून जावाच्या आजच्या व्यवस्थेत साचा जसाच्या तसा उचलला की चूक सोबत येते. शिवाय जावा 7 च्या आधी मोठे `Y` चालतच नसे, प्रोग्राम थांबत असे. 2011 मध्ये आलेल्या त्या आवृत्तीने अक्षराला अर्थ दिला आणि उघड चूक गुपचूप चूक झाली.

भारतात हे दिवस वेगळे का?

पहिला आठवडा कोणता, हे देशाच्या सेटिंगवर ठरते. भारताच्या सेटिंगमध्ये (अमेरिकेप्रमाणेच) आठवडा रविवारी सुरू होतो आणि 1 जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला. त्यामुळे 28 डिसेंबर 2025, रविवार, ही तारीख भारतीय सेटिंगवर 2026 दाखवील, जर्मन सेटिंगवर 2025. तोच प्रोग्राम दोन सर्व्हरवर दोन उत्तरे देतो.

2026 च्या अखेरीस फरक आणखी ठळक होतो. 1 जानेवारी 2027 शुक्रवारी येते. भारतीय सेटिंगवर 27 ते 31 डिसेंबर 2026 हे पाच दिवस 2027 दाखवतील. आयएसओ पद्धतीत डिसेंबर सुखरूप पार पडेल, पण 1 ते 3 जानेवारी 2027 या तारखा 2026 च्या 53 व्या आठवड्यात मोडतात. म्हणजे चूक उलट्या दिशेने, नव्या वर्षात जुने साल. काही वर्षी तर काहीच होत नाही. 1 जानेवारी 2023 ला रविवार असल्याने त्याआधीचा डिसेंबर भारतीय सेटिंगवर निर्दोष गेला. अशा वर्षी तपासणाऱ्याला वाटते की सारे ठीक आहे.

चूक पकडायची कशी?

वर्षातले 360 दिवस दोन्ही साचे सारखेच उत्तर देतात, म्हणून जुलैमध्ये घेतलेल्या चाचणीला काही सापडत नाही. चाचणीत आजची तारीख न वापरता 30 डिसेंबर 2025 आणि 1 जानेवारी 2027 अशा ठरावीक तारखा द्याव्या लागतात. त्याआधीचा सोपा उपाय म्हणजे सगळ्या कोडमध्ये `YYYY` शोधणे आणि प्रत्येक ठिकाणी जवळ `ww`, म्हणजे आठवड्याचा क्रमांक आहे का, ते पाहणे. नसेल तर बहुधा चूकच.

असेल तर मात्र हात लावू नये. आठवड्याच्या क्रमांकासोबत `YYYY` हेच बरोबर आहे. सरसकट सगळे `yyyy` करणाऱ्या उत्साही दुरुस्तीने 30 डिसेंबर 2025 हा दिवस `2025-W01` होतो आणि अहवालात वर्षअखेरची विक्री मागच्या जानेवारीच्या खात्यात जाऊन बसते.

दुरुस्ती एका अक्षराची असली तरी तोवर साठवलेल्या तारखा तशाच राहतात. विम्याच्या नोंदीत `30-12-2026` असे छापले गेले असेल, तर ती खरी मुदत की चुकलेली नोंद, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. सोबत वार लिहिला असेल तर तो जुळवून पाहता येतो, जसा ट्विटरच्या ओळीत सोमवार होता. नाहीतर त्याच व्यवहाराची दुसऱ्या कुठे कच्च्या स्वरूपात राहिलेली वेळ शोधून एकेक नोंद ताडून पाहावी लागते.