‘गिझर लावला की लाइट जाते’ : इलेक्ट्रिशियनने याचं उत्तर फुकट का द्यावं?

इलेक्ट्रिशियनच्या फोनवर तेच ते प्रश्न येत असतात. दर आठवड्याला त्यातला एक प्रश्न निवडून त्याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकायचं, अशी ही साधी कल्पना. पण ‘उत्तर फुकट दिलं तर गिऱ्हाईक बोलावणारच नाही’ या भीतीने अनेक जण ते टाळतात. ही भीती चुकीची आहे.

सुरुवात डायरीपासून करावी. पंधरा दिवस आलेला प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायचा आणि तो पुन्हा आला की पुढे एक रेघ मारायची. सर्वाधिक रेघा ज्याच्यापुढे, तो प्रश्न पहिला. शीर्षकही त्याच शब्दांत हवं. ‘अर्थ लीकेज म्हणजे काय?’ असं कोणी विचारत नाही. लोक विचारतात, ‘गिझर लावला की घरातली लाइट का जाते?’

याचं उत्तर असं लिहिता येईल : गिझर लावताच आरसीसीबी (टेस्ट बटण असलेला स्विच) पडत असेल, तर बहुधा एलिमेंटमधून करंट अर्थिंगकडे गळतोय. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो. हात कोरडे ठेवून सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला तो पडेल, त्या लाइनमध्ये दोष. तो एमसीबी खालीच ठेवा आणि फोन करा. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल, तर पुढे काही करू नका. एमसीबी बहुतेकदा फक्त फेज तोडतो, न्यूट्रलमधली गळती तशीच राहते.

पोस्ट इथे संपते, आणि ती इथेच संपायला हवी. झाकण उघडणं, वायर काढणं यातलं काही लिहू नये. आरसीसीबी काढून डायरेक्ट जोडून घेण्याचा शेजारचा सल्ला मात्र धोक्याचा आहे, हे जरूर लिहावं. नळाला किंवा गिझरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ही तपासणीही करायची नाही. मेन बंद करायचा. ही ओळ पोस्टमध्ये सगळ्यात वर हवी.

आता फोन येतो तो असा : ‘तिसरा एमसीबी वर केला की पडतोय, गिझरचा आहे.’ इलेक्ट्रिशियन एलिमेंट आणि गॅस्केट सोबत घेऊनच निघतो. एक फेरी वाचते. गिऱ्हाईक कमी झालेलं नाही.

स्टेटस २४ तासांत जातं, ही अडचण आहेच. म्हणून तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये ‘/गिझर’ अशा शॉर्टकटने ठेवावा. पुन्हा तोच प्रश्न आला की चॅटमध्ये एवढंच टाइप केलं की पूर्ण उत्तर समोर येतं. दर मात्र त्यात लिहू नयेत. एलिमेंटचा भाव बदलला, की जुनी पोस्ट दाखवून वाद घालणारं गिऱ्हाईक भेटतंच.