एक मूल, चार रकाने : मातृभाषा, प्रथम भाषा, मूळ भाषा आणि घरची भाषा

भारताच्या जनगणनेत लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. प्रत्येक जनगणनेप्रमाणे याही वेळी मातृभाषेचा प्रश्न विचारला जाणे अपेक्षित आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या दारी हा प्रगणक येणार नाही. तरीही त्याच्या हाती भाषेचे रकाने येतच असतात. मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज असो, राहत्या देशाची जनगणना असो, भाषेविषयी काहीतरी लिहावे लागते. कुठे मातृभाषा विचारतात, कुठे प्रथम भाषा, कुठे मूळ भाषा, तर कुठे घरात बोलली जाणारी भाषा. बहुतेक जण चारही ठिकाणी सवयीने ‘मराठी’ लिहून मोकळे होतात. वस्तुतः हे चार शब्द चार वेगळे प्रश्न विचारतात आणि एकाच माणसाची चार उत्तरे वेगवेगळी असू शकतात.

उदाहरणादाखल इंग्लंडमधील एक कुटुंब कल्पून पाहू. आई सोलापूरची. तिच्या आईने तिच्याशी लहानपणी कन्नडच बोलले. पण शाळा, शेजार आणि महाविद्यालय मराठी असल्याने आज तिची सर्वांत सराईत भारतीय भाषा मराठी आहे. वडील धुळ्याकडचे, त्यांच्या घरी अहिराणी. लग्नानंतर दोघांची समाईक भाषा मराठी झाली. त्यांची सात वर्षांची मुलगी इंग्लंडमध्येच जन्मली. आई तिच्याशी पहिल्या दिवसापासून मराठीत बोलते, वडील बरेचसे इंग्रजीत. मुलीला मराठी पूर्ण समजते, पण शाळेत जाऊ लागल्यापासून ती उत्तर देते ते इंग्रजीत.

हे कुटुंब २०२७ पूर्वी पुण्याला परतले असे समजू. मातृभाषेची भारतीय जनगणनेने वापरलेली व्याख्या अशी आहे : बालपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलत असे ती मातृभाषा, आई तान्हेपणीच वारली असल्यास बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. आईची स्वतःची भाषा कोणती, हा प्रश्नच येथे नाही; ती मुलाशी काय बोलली एवढेच पाहायचे. आज ती व्यक्ती कोणत्या भाषेत विचार करते किंवा व्यवहार करते, याचाही संबंध नाही. या व्याख्येने सोलापूरच्या आईची मातृभाषा कन्नड ठरते. वडिलांनी ‘अहिराणी’ सांगितली तर प्रगणकाने तीच लिहायची असते, आणि पुढे वर्गीकरणात ती ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली जाते. २०११ मध्ये तशीच गेली होती. मराठीच्या खात्यात मोजली जाईल ती एकटी मुलगी, म्हणजे घरातली मराठीत उत्तर न देणारी एकमेव व्यक्ती. रोज मराठीत संसार करणारे दोघेही मराठीच्या आकड्याबाहेर राहतील.

यात जनगणनेची चूक नाही. मातृभाषा हा वारशाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बालपणातच ठरून जाते. घोटाळा होतो तो त्या उत्तरातून दुसराच निष्कर्ष काढताना. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख होती. हा आकडा सर्रास ‘मराठी बोलणारे’ म्हणून सांगितला जातो. परंतु त्यात मराठी आज न बोलणारेही आहेत, आणि वरच्या आईवडिलांसारखे रोज बोलणारे पुष्कळ जण त्यात नाहीत. भारतीय जनगणना मातृभाषेशिवाय अवगत असलेल्या आणखी दोन भाषा विचारते. घरात सध्या कोणती भाषा चालते, हे मात्र विचारत नाही. त्यामुळे एखाद्या शहरात मराठी घराघरातून मागे सरत असेल, तर तो बदल या आकड्यात एक पिढी उशिरा उमटेल.

आता त्याच मुलीकडे इंग्लंडच्या शाळेच्या नजरेने पाहू. तेथील शाळांच्या सरकारी नोंदीत ‘प्रथम भाषा’ हा रकाना असतो. शिक्षण खात्याच्या व्याख्येनुसार, बालवयात जी भाषा मुलाच्या कानावर प्रथम पडली आणि जी आजही घरात किंवा समाजात पडत राहते, ती प्रथम भाषा. बालपणी एकाहून अधिक भाषा कानावर पडल्या असतील आणि त्यांत इंग्रजीही असेल, तर इंग्रजीखेरीजची भाषा नोंदवायची; मूल इंग्रजी किती सफाईने बोलते याचा विचार करायचा नाही. म्हणून शाळेच्या दप्तरी ही मुलगी मराठीभाषक. पण इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेने तीन वर्षांवरील प्रत्येकाची ‘मुख्य भाषा’ विचारली. तेथे तिचे प्रामाणिक उत्तर इंग्रजीच असते. एकाच देशाच्या दोन नोंदी परस्परविरुद्ध दिसतात, तरी दोन्ही खऱ्या. कारण एकीने क्रम विचारला, दुसरीने प्राबल्य.

महाराष्ट्रातून गेलेल्या पालकांना ‘प्रथम भाषा’ या शब्दाचा तिसराच अर्थ परिचित असतो. दहावीच्या परीक्षेत प्रथम भाषा म्हणजे विषयाची श्रेणी. इंग्रजी माध्यमातल्या गुजराती मुलाची प्रथम भाषा इंग्रजी असू शकते आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. हा शालेय अर्थ मनात धरून परदेशातला अर्ज भरला की उत्तर चुकते.

अमेरिकेत चुकीची किंमत अधिक ठळक असते. शाळाप्रवेशाच्या वेळी पालकांना घरच्या भाषेविषयी प्रश्नावली दिली जाते. तिच्यात सामान्यतः तीन गोष्टी विचारलेल्या असतात : घरात मुख्यतः कोणती भाषा चालते, मूल स्वतः बहुतेक वेळा कोणती बोलते, आणि मुलाने सर्वप्रथम कोणती आत्मसात केली. हे एकच प्रश्न तीनदा विचारणे नव्हे. आपल्या मुलीची उत्तरे अनुक्रमे ‘मराठी आणि इंग्रजी’, ‘इंग्रजी’ व ‘मराठी’ अशी येतील. इंग्रजीखेरीज भाषा आढळली की शाळा मुलाचे इंग्रजी तपासते. ते पुरेसे ठरले तर विषय तेथेच संपतो. कमी पडले तर इंग्रजीच्या साहाय्यासाठी मूल पात्र ठरते. या तपासणीचा धसका घेऊन तिन्ही रकान्यांत ‘इंग्रजी’ लिहिण्याचा मोह होतो. ज्या मुलाला खरोखर आधार हवा आहे, त्याचा आधार त्या एका शब्दाने लांबतो. शिक्षकाच्या नजरेस अडचण आल्यावरच त्याची दखल घेतली जाते.

‘मूळ भाषा’ ही संज्ञा यांहून निसरडी आहे. नोकरीच्या जाहिरातींत तिचा अर्थ जन्मजात प्रभुत्व असा घेतला जातो. अमेरिकेच्या विशेष शिक्षणविषयक कायद्यात मात्र तिची व्याख्या अगदी वेगळी आहे. मर्यादित इंग्रजी येणाऱ्या व्यक्तीची मूळ भाषा म्हणजे ती सामान्यतः वापरते ती भाषा. आणि ती व्यक्ती बालक असेल, तर त्याचे पालक सामान्यतः वापरतात ती. या कायद्याखालील नियमांत एक अपवाद जोडलेला आहे : बालकाशी थेट संपर्क येतो तेथे, विशेषतः त्याचे मूल्यमापन करताना, ते मूल स्वतः घरी किंवा शिकण्याच्या ठिकाणी वापरते ती भाषा धरायची. याचा व्यावहारिक अर्थ असा, की इंग्रजी नीट न येणाऱ्या पालकांना सूचना मराठीत मिळू शकते आणि त्याच वेळी मुलाची तपासणी इंग्रजीत होणे योग्य ठरू शकते. ‘आमची मूळ भाषा मराठी’ एवढेच सांगून थांबलेल्या पालकांच्या मुलाची तपासणी त्याला धड न येणाऱ्या भाषेत झाली, तर भाषेची अडचण आणि शिकण्याची अडचण यांतला फरकच पुसला जातो. तसे घडल्याची खूण ओळखता येते. मूल मराठी प्रश्नावर अडखळते आणि तोच प्रश्न इंग्रजीत विचारल्यावर सहज उत्तरते, किंवा नेमके उलट होते. दोन्ही भाषांत सारखेच अडखळत असेल, तर मात्र कारण भाषेपलीकडे शोधावे लागते.

वारसा आणि वापर यांतले अंतर किती वाढू शकते, हे मॉरिशसने आपल्या जनगणनांत उघड मांडले. तेथे पूर्वजांची भाषा आणि घरात बोलली जाणारी भाषा असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारले गेले. पूर्वजांची भाषा म्हणून मराठी सांगणारे हजारोंनी निघतात. घरात ती बोलणारे त्यांच्या मानाने फार थोडे, कारण घराघरात क्रिओल रुजली आहे. एकच प्रश्न विचारला असता, तर मराठी तेथे भरभराटीला आहे किंवा जवळपास संपली आहे, अशी दोन टोकांची चित्रे उभी राहिली असती.

भारतात या संज्ञांची सरमिसळ थेट धोरणात शिरली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंतचे माध्यम शक्य तेथे घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा असावे असे म्हटले आहे, आणि चारही शब्द तिरक्या रेघा देऊन एका ओळीत बसवले आहेत. धुळे जिल्ह्यातल्या मुलासाठी घरची भाषा अहिराणी आणि प्रादेशिक भाषा मराठी. त्या तिरक्या रेघेच्या कोणत्या बाजूचे पुस्तक त्याच्या हाती द्यायचे, हे धोरण सांगत नाही. व्यवहारात प्रादेशिक भाषेचे पुस्तक तयार असते, म्हणून तेच मिळते.

निवड करायची कोणी, हा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांना मातृभाषेच्या किंवा कन्नडच्या माध्यमाची सक्ती केली होती. त्या वादात ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला. राज्यघटनेच्या संदर्भात मातृभाषा म्हणजे त्या राज्यातील भाषिक अल्पसंख्याकांची भाषा, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे पालक ठरवतील, असे न्यायालयाने म्हटले. राज्य ते माध्यम लादू शकत नाही, हेही स्पष्ट केले. जनगणनेत मातृभाषा ही घडून गेलेली वस्तुस्थिती असते. न्यायालयात ती पालकांनी करायची घोषणा झाली. शब्द एकच, अर्थ मात्र एकमेकांपासून किती दूर!

म्हणून रकाना भरण्याआधी तो नेमके काय विचारतो हे पाहावे. प्रश्न आईने दिलेल्या भाषेचा असेल, प्रथम कानी पडलेल्या भाषेचा असेल, कायद्याने आखलेल्या अर्थाचा असेल किंवा आजच्या बोलण्याचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोलापूरच्या आईने मुलीला पाळण्यातच देऊन ठेवली आहेत. ती आता कोणी बदलू शकत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या घरात रोज संध्याकाळी, जेवणाच्या टेबलाभोवती, नव्याने ठरत असते. मराठीच्या पुढच्या पिढीचा हिशेब त्या एका रकान्यात लागतो, आणि भारतीय जनगणनेत तो रकानाच नाही.