न्हाणीघराचा ढाळ आणि बिल्डरला लिहिलेले पत्र

आमच्या घराण्यात पत्र लिहायचे असले की अजूनही माझ्याकडे येतात. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्याची ही शिक्षा. यावेळी पत्र होते भाच्याचे, बिल्डरला. ते वाचून काही गोष्टी मनात आल्या. तुमच्यापैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत नवे फ्लॅट घेतलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

भाच्याचा फ्लॅट पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. ताबा मे 2021 मध्ये मिळाला. ऑगस्ट 2024 मध्ये खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्याला बोलावून न्हाणीघराचे छत दाखवले. रंगाचे पोपडे, पिवळट कडा आणि मधोमध ताटाएवढी ओल. काका सभ्य गृहस्थ, पण "तुमचं पाणी आमच्या डोक्यावर" हे त्यांचे वाक्य भाच्याला फार लागले. त्याने त्याच रात्री बिल्डरला चार पानी पत्र लिहिले. त्यात विश्वासघात होता, आयुष्यभराची पुंजी होती, "निकृष्ट दर्जा" तर पाच वेळा होता. न्हाणीघरात नक्की काय चुकले आहे, हे मात्र कुठेच नव्हते.

असे पत्र बिल्डरला फार सोयीचे असते असे माझे स्पष्ट मत आहे. तो एक माणूस पाठवतो, माणूस फरशीच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून जातो, आणि फाइलवर "तक्रार निवारण झाले" असा शेरा पडतो. पुढच्या पावसाळ्यात ओल परत येते आणि पाचांतले एक वर्ष कमी झालेले असते. पाच वर्षांचे काय ते पुढे सांगते.

मी भाच्याला म्हटले, "आधी रागाचे पान बाजूला ठेव आणि ओल कशाची आहे ते शोध." पहिला प्रश्न असा की पाणी नळाच्या पाइपातले की वापराचे? भिंतीतल्या नळाच्या पाइपात पाणी सतत दाबाखाली असते. तो गळत असेल तर तुम्ही आंघोळ करा वा न करा, ओल वाढतच राहते. भाच्याने ते न्हाणीघर आठ दिवस बंद ठेवले, पण नळाचा कॉक मात्र चालू ठेवला. खालच्या काकांनी छतावर पेन्सिलीने ओलीची कड आखून ठेवली. आठ दिवसांत कड पुढे सरकली नाही, उलट थोडी आत आली. वापर सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा पेन्सिलीच्या बाहेर गेली. म्हणजे पाणी वापराचे.

मग जमिनीचा ढाळ. न्हाणीघराच्या फरशीला नहाणी ट्रॅपच्या दिशेने साधारण मीटरला एक सेंटिमीटर उतार हवा. खोली सात फूट लांब, म्हणजे दाराकडून ट्रॅपपर्यंत दोन सेंटिमीटर तरी फरक यायला हवा. एक गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन आला (हे साधन मला फार आवडते; वीज नको, बॅटरी नको). मापले तर ट्रॅपची कड वॉश बेसिनखालच्या फरशीपेक्षा सहा मिलिमीटर उंच! बादलीभर पाणी ओतले. अर्ध्या तासानंतरही बेसिनखाली तळे तसेच. भाच्याने तळ्यात उभी पट्टी धरून फोटो काढला.

हे होते कसे, तेही गवंड्यानेच सांगितले. ट्रॅप आधी प्लंबर बसवतो, फरशी नंतर दुसरा कारागीर लावतो. ट्रॅप थोडा उंच बसला तर सगळी फरशीच वर घ्यावी लागते. पण दाराच्या उंबऱ्याची उंची ठरलेली असते. मग कारागीर ढाळ खातो.

आता खरा मुद्दा. नुसता ढाळ चुकला तर तळे साचेल, घसरायला होईल, पण खालचे छत ओले व्हायचे कारण नाही. फरशीखाली स्लॅब खोलगट ठेवलेला असतो, त्यात पाइप आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, आणि त्याच्या तळाला वॉटरप्रूफिंग. साचलेले पाणी सांध्यांतून झिरपून या खोलगट भागात उतरते. वॉटरप्रूफिंग धड असेल तर ते तिथेच अडते. खाली छतापर्यंत गेले म्हणजे तळ किंवा पाइप भिंतीतून बाहेर जातो ती जागा फुटकी आहे. म्हणून दोष दोन, आणि पत्रात दोन्ही हवेत. एकच लिहिलात तर एकच दुरुस्त होईल.

नवे पत्र दीड पानाचे झाले. ताब्याची तारीख, ओल प्रथम दिसल्याची तारीख, पेन्सिलीची चाचणी, ढाळाची मापे, फोटो. काकांनीही सही केली. छत त्यांचे आहे, त्यांच्या शब्दाला वजन आहे. मागणीचा परिच्छेद इथे देते, हवा तर उतरवून घ्या:

"सांधे भरणे वा रसायनाचा लेप देणे ही दुरुस्ती आम्हास मान्य नाही. फरशी व भराव काढून ट्रॅप योग्य पातळीस बसवावा, वॉटरप्रूफिंग नव्याने करावे, आणि भराव टाकण्यापूर्वी त्या भागात पाणी भरून किमान 48 तास ठेवावे. या काळात खालच्या छताची पाहणी दोन्ही सदनिकाधारकांसमक्ष व्हावी. स्थावर संपदा कायदा 2016, कलम 14(3) नुसार हे काम विनामूल्य व 30 दिवसांत करणे आपणांवर बंधनकारक आहे."

हे कलम सांगते की ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. न केल्यास भरपाई मागता येते, आणि त्यासाठी महारेराकडे जाता येते. महत्त्वाचे ते "निदर्शनास आणणे". फोनवर सुपरवायझरला सांगितले ते उद्या सिद्ध कसे करणार? भाच्याने पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पोच जपून ठेवली. (2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवा.) आणि एक, दरम्यान स्वतःच्या गवंड्याकडून फरशी उखडू नका. "तुम्हीच तोडफोड केली" हे उत्तर तयारच असते.

एकोणिसाव्या दिवशी बिल्डरचा इंजिनिअर आला. त्याने आधी सांधे भरायचेच सुचवले. भाच्याने पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवले. फरशी निघाली तेव्हा खालचा कोबा चिखलासारखा होता, आणि ट्रॅपपासून बाहेर जाणारा पाइप जवळजवळ सपाट. त्यालाही मीटरला अडीच सेंटिमीटर उतार लागतो. पाइप पुन्हा बसवला, पाणी भरून दोन दिवस ठेवले, काका स्टुलावर चढून चारदा छत चाचपून आले.

छताला रंग लगेच द्यायची इंजिनिअरला घाई होती. काकांनी ठाम नकार दिला. स्लॅबमधले पाणी वाळायला महिने लागतात, आणि रंगाखाली नवी ओल लपते. पेन्सिलीच्या रेघा पुसायच्या नाहीत असे त्यांनी बजावले, आणि पुढचा उन्हाळा संपेपर्यंत त्या तशाच होत्या.